दिवसातून पाच वेळा धुतलेला चेहरा

बेळगावात डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी जिम आणि लगेच स्विमिंग टँक असा दुहेरी नेम सुरू केलेला असतो आणि महिन्याभरात चेहरा बिघडतो. इथे नमुन्यादाखल घेतलेलं प्रकरण अशाच एका तरुणीच्या चेहऱ्याचं आहे. वय २७, बँकेत नोकरी, राहायला वडगाव, जिम टिळकवाडीत. टँक उघड्यावरचा, बोअरच्या पाण्यावर चालणारा.

तक्रारी चार होत्या. टँकमधून आल्यावर अर्ध्या तासात गाल ओढल्यासारखे होतात. नाकाच्या दोन्ही कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना पापुद्रे सुटतात. सनस्क्रीन लावलं की झोंबतं. कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक, खाजरे पुरळ आलेत. शिवाय पाचवी तक्रार, जी तिला सगळ्यात जास्त लागली होती: "क्लोरीननं तोंड काळं पडलंय."

तिचं निदान एका वाक्याचं होतं. घाम आणि क्लोरीन नीट निघत नाही, म्हणून हे सगळं होतंय. उपायही त्याला धरूनच, म्हणजे जास्त धुणं. तिचा दिवस तासाच्या हिशोबानं लिहून काढला तेव्हा खरं चित्र दिसलं. साडेपाचला उठल्यावर फेसवॉश. पावणेसहा ते सहा-चाळीस जिम, तिथून निघताना पुन्हा फेसवॉश. मग थंड वाऱ्यात स्कूटरवरून टँक, सात ते पावणेआठ पोहणं, आणि बाहेर येऊन अंगाच्या साबणानंच तोंड, कारण "क्लोरीनचा वास साबणाशिवाय जाईल काय?" घरी येऊन बँकेत जाण्याआधी फेसवॉश. संध्याकाळी परतल्यावर पाचव्यांदा. रविवारी वर डाळीचं पीठ आणि हळद चोळून.

पाच धुण्यांच्या मध्ये मॉइश्चरायझर एकदाच लागत होतं, तेही रात्री झोपताना.

कोरडेपणा कुठून आला

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि त्यांच्या मध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. भिंतीतल्या विटा आणि चुन्यासारखं. या थराचा पीएच साधारण ४.७ ते ५.५, म्हणजे सौम्य आम्लधर्मी. टँकच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ ठेवतात. तिच्या टँकच्या पाण्यात पट्टी बुडवल्यावर तो ८ च्या आसपास निघाला. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले की पीएच वर सरकत राहतो, आणि वर सरकला की क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद घटते. पीएच ७.५ ला साधारण निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव भाग. मग टँकवाले आम्ल टाकून पीएच खाली आणण्याऐवजी पावडर वाढवतात, आणि डोळे व त्वचा त्याची किंमत मोजतात.

पाऊण तास पाण्यात राहिल्यावर वरचा थर फुगतो. त्यातले ओलावा धरून ठेवणारे घटक पाण्यात विरघळून जातात, आणि क्लोरीन गिलाव्यातल्या स्निग्धांशाला थोडं खातं. एवढं नुकसान निरोगी त्वचा काही तासांत भरून काढते. पण तिच्या बाबतीत थर फुगून मऊ झालेला असतानाच त्यावर साबण यायचा. वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. त्यात बोअरचं पाणी: कॅल्शियम आणि साबण एकत्र आले की न विरघळणारा पांढरा चोथा तयार होतो आणि तो त्वचेवर बसून राहतो. बादलीच्या कडेला जो चिकट पट्टा दिसतो तोच हा. बाहेर डिसेंबरचा कोरडा वारा, स्कूटरवर वीस मिनिटं. म्हणजे टँकनं भेग पाडली आणि साबणानं ती रुंद केली.

सनस्क्रीन झोंबायचं कारणही यातच आहे. तिनं तीन कंपन्यांची सनस्क्रीन बदलली होती. दोष सनस्क्रीनचा नव्हता, गिलावा गेलेल्या भिंतीतून ते आत उतरत होतं. हे ओळखायची खूण सोपी आहे: साधं मॉइश्चरायझर किंवा स्वतःचा घामसुद्धा त्याच जागी झोंबत असेल तर त्वचा उघडी पडलीय असं समजावं. इतर सगळं चालतं आणि फक्त एकच उत्पादन झोंबतं, तर त्या उत्पादनाकडे बघावं.

वासाबद्दल एक सांगायला हवं, कारण साबणाचा हट्ट त्यातूनच आला होता. टँकवर नाकात जातो तो उग्र वास बहुतांशी मोकळ्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीनची घामातल्या आणि लघवीतल्या युरियाशी गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. वास जितका उग्र, तितका टँक स्वच्छ, हा समज उलटा आहे. त्वचेला चिकटलेला वास साबणानंही पूर्ण जात नाही, कारण थोडं क्लोरीन त्वचेच्या प्रथिनांनाच धरून बसलेलं असतं. तो काही तासांत आपोआप विरतो. त्यासाठी चेहरा घासणं म्हणजे वासासाठी कातडं देणं.

फारच नको वाटत असेल तर सोडियम ॲस्कॉर्बेटचा, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या क्षाराचा, उपयोग होतो. तो क्लोरीन निष्प्रभ करतो. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम, त्याच दिवशी केलेलं, एकदा चेहऱ्यावर मारून धुऊन टाकायचं. पिवळं पडलं की ते निकामी. साधं ॲस्कॉर्बिक आम्ल यासाठी घेऊ नये, फाटलेल्या त्वचेला ते झोंबतं. लिंबू तर मुळीच नको: लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की डाग भाजल्यासारखे उठतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. तिला यातलं काही लागलं नाही.

काय बदललं

पहिला बदल म्हणजे पाचातली तीन धुणी काढली. सकाळी उठल्यावर नुसतं पाणी. रात्रभर चेहऱ्यावर असा कोणता मळ बसतो की त्याला फेसवॉश लागावा?

जिममध्ये दोन नॅपकिन: एक बाकावर अंथरायला, एक फक्त तोंडाला. आधी एकच होता आणि तोच दोन्हीकडे फिरत होता. घाम पुसायचा नाही, टिपायचा. घाम मुख्यतः पाणी आणि मीठ. ओला असताना तो फारसा त्रास देत नाही, वाळला की मीठ मागे राहतं आणि पापुद्रे सुटलेल्या जागी चुरचुरतं. म्हणून व्यायाम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत चार-पाच ओंजळी साध्या पाण्यानं तोंड खळाळून धुवायचं. फेसवॉश नाही. जिम आणि टँक सलग असतील तर हे धुणं टँकच्या शॉवरखालीच होतं, वेगळं करायची गरज नाही.

तो शॉवर ती टाळत होती, थंडी वाजते म्हणून. पण पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट शॉवर घेतला की अंगावरचा घाम टँकमध्ये जात नाही, म्हणजे क्लोरामाइन व्हायला माल कमी मिळतो. दहा जणांनी घेतला तर टँकचा वास आपोआप उतरेल. एकटीनं घेतला तरी निदान मिठाची झोंब तरी थांबते.

शॉवरनंतर चेहरा टिपून पेट्रोलियम जेली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, फक्त चार जागी: नाकाच्या दोन्ही कडा, ओठ, ओठांचे कोपरे, गालांची उंच हाडं. पाणी आणि त्वचा यांच्यात तेवढाच पडदा. गॉगलची रबरी कड जिथे बसते तिथे लावायची नाही, नाहीतर गॉगल घसरतो आणि पाणी आत येतं.

पाण्यातून बाहेर आल्यावरची पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळे ती सविस्तर सांगतो. टॉवेलनं पुसण्याआधीच धुवायला जायचं, कारण पाणी त्वचेवर आटलं की त्यातलं क्लोरीन आणि क्षार तिथेच राहतात. साधं किंवा जेमतेम कोमट पाणी, गीझरचं कढत नाही. थंडीत कढत पाण्याखाली उभं राहायचा मोह होतो, पण त्यानं उरलासुरला तेलकटपणाही निघून जातो. ३० ते ६० सेकंद, केसांची रेषा, भुवया, कानामागे आणि गॉगलचा ठसा उमटलेली जागा यांवरून बोटं फिरवत. आठवड्यातल्या बहुतेक दिवशी इथेच थांबायचं. पेट्रोलियम जेली चिकट वाटली तरच साबणविरहित सौम्य क्लेन्झर, वाटाण्याएवढा, २० सेकंद, एकदाच.

टँकच्या शॉवरला बोअरचंच पाणी. नळावर पांढरा थर चढलेला, साबणाला फेस येत नाही, या खुणा तिनं स्वतःच सांगितल्या. यावर उपाय अगदी साधा निघाला: घरून १ लिटरची बाटली. बेळगाव शहराला नळानं राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी येतं, ते बोअरच्या मानानं बरंच मऊ आहे. शॉवरनंतर शेवटचं धुणं या बाटलीतल्या पाण्यानं. अथणी-रायबागकडे ज्यांच्या घरीही बोअरच आहे, त्यांनी साबण हा प्रकार चेहऱ्यापासून दूरच ठेवावा. क्लेन्झरचा कॅल्शियमशी तसा चोथा होत नाही.

मग चेहरा टिपायचा, पण पूर्ण कोरडा करायचा नाही. दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. क्रीम तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पट्टी ओढून मोजायचं: एक पेर म्हणजे जवळपास अर्धा ग्रॅम. चेहऱ्याला दीड पेर, मानेला एक. ती वापरत होती त्याच्या हे तिप्पट होतं. घटकांत ग्लिसरीन, सेरामाइड किंवा पेट्रोलॅटम हवं, सुवास नको. युरिया, लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक आम्ल असलेलं क्रीम एरवी चांगलं असतं, पण भेगाळलेल्या चेहऱ्यावर या दिवसांत नको. मुरमांचं जेल कोणी लावत असेल, अॅडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड, तर चेहरा सावरेपर्यंत ते डॉक्टरांना विचारून थांबवावं.

जिमवरून थेट घरी जायचं असेल तर एक फरक. व्यायामानंतर पाच-दहा मिनिटं घाम येतच राहतो आणि चेहरा लाल असतो. तेव्हा लावलेलं क्रीम घामाबरोबर खाली ओघळतं. आधी थंड व्हायचं, मग धुवायचं, मग क्रीम.

काळं पडण्याचं कोडं

क्लोरीननं त्वचा काळी पडत नाही. मग तिचा चेहरा काळा का पडला? रोजच्या पोहण्यानं तर नक्कीच नाही. बेळगावात डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सात ते पावणेआठच्या कोवळ्या उन्हात अतिनील किरण इतके कमी असतात की तेवढ्यासाठी सनस्क्रीनची गरजच नसते. ती मात्र साडेपाचला, अंधारात, सनस्क्रीन लावून जिमला जात होती. ते सहा वाजेपर्यंत घामात, उरलेलं शॉवरमध्ये आणि टँकमध्ये संपायचं. बँकेत निघताना पुन्हा लावायचं झालं तर "सकाळी लावलंय की" म्हणून राहून जायचं.

आणि रविवारी ती अकरा ते बारा पोहत होती, मैत्रिणींबरोबर, त्याच सकाळच्या सनस्क्रीनवर. काळेपणा रविवारचा होता. पाणी अतिनील किरण फारसे अडवत नाही, आणि गारव्यामुळे ऊन भाजतंय हे कळतही नाही. खूण स्पष्ट होती: गॉगलच्या आतली त्वचा उजळ, बाहेरची काळवंडलेली. क्लोरीनचं काम असतं तर पट्ट्याखाली आणि कानामागेही रंग बदलला असता.

म्हणून सनस्क्रीनचं वेळापत्रक उलटं केलं. आठवडाभर पोहण्याआधी काहीच नाही. बँकेत निघण्याआधी, मॉइश्चरायझर मुरल्यावर, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन पट्ट्या, चेहरा आणि मान मिळून. वाटाण्याएवढं सनस्क्रीन लावलं तर बाटलीवर लिहिलेला एसपीएफ निम्माही मिळत नाही. झिंक ऑक्साइडचं घेतलं, ते कमी झोंबतं आणि डोळ्यात उतरलं तरी जळजळ कमी. रविवारी पोहण्याच्या १५ मिनिटं आधी पाण्यात टिकणारं सनस्क्रीन. बाटलीवर ४० किंवा ८० मिनिटं लिहिलेलं असतं, ती पाण्यातली मुदत आहे. मुदत संपली की, किंवा मध्ये टॉवेलनं तोंड पुसलं की, पुन्हा पूर्ण मात्रेत. टॉवेल हा सनस्क्रीनचा पाण्यापेक्षा मोठा शत्रू आहे, आणि स्कूटरवर तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फही तसाच घासतो. अर्थात स्कार्फ स्वतः ऊन अडवतो, त्यामुळे त्याचा हिशोब तो काढल्यावर सुरू होतो.

एप्रिल-मेमध्ये हे गणित बदलतं. सुट्टीच्या बॅचेस नऊ-दहाला असतात, तेव्हा रोजच रविवार समजावा.

मध्येच फसलेला आठवडा

पहिल्या पाच दिवसांत ओढ गेली, दहाव्या दिवशी पापुद्रे जवळपास थांबले. डाळीचं पीठ बंद होतं. ते काही वाईट नाही, पण सुटलेल्या पापुद्र्यांवर चोळायची ती वस्तू नव्हे.

मग चूक झाली. पेट्रोलियम जेलीनं एवढा फरक पडतो म्हटल्यावर तिनं ती सगळ्या चेहऱ्यावर, आणि जिमला जाण्याआधीच, लावायला सुरुवात केली. भरीला, क्लोरीन केसांना लागू नये म्हणून टँकआधी खोबरेल. चार दिवसांत कपाळावरचं पुरळ दुप्पट झालं, थोडं कानशिलांवरही आलं.

हे पुरळ मुरमांपेक्षा वेगळं होतं. मुरमं लहानमोठी असतात, त्यांत काळ्या-पांढऱ्या टोकांच्या पुटकुळ्या मिसळलेल्या असतात, आणि ती दुखतात. इथे सगळे दाणे एकाच मापाचे, मोहरीएवढे, आणि घाम आला की खाज सुटणारे. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट प्रत्येकाच्या त्वचेवर असतंच. उबदार ओल आणि तेल मिळालं की ते केसांच्या मुळांशी वाढतं. त्याला स्निग्धाम्लं लागतात आणि ती खोबरेलातून मुबलक मिळतात. चेहरा जेलीनं झाकला की घाम अडकून राहतो. म्हणजे कोरड्या गालांना हवा होता तो उपाय कपाळाला अपाय करत होता. एकाच चेहऱ्याचे दोन प्रदेश, दोन हवामानं, आपल्याकडच्या खानापूर आणि अथणीसारखी.

जेली पुन्हा चार जागांपुरती आणि फक्त टँकआधी. खोबरेल बंद, केस साध्या पाण्यानं चिंब भिजवून टोपी घालायची. आधीच पाणी प्यालेला केस टँकचं पाणी कमी शोषतो. टोपी आणि जिमचा हेअरबँड रोज धुवायचा, कारण ओला हेअरबँड बॅगेत दिवसभर पडून दुसऱ्या दिवशी तसाच कपाळावर बसत होता. पुरळ निम्मं झालं, पण गेलं नाही. चौथ्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून केटोकोनॅझोल दिलं, तेव्हा गेलं. हे औषध स्वतःच्या मनानं गालांवर वापरलं असतं तर कोरडेपणा परत आला असता.

एक गोष्ट तिनं केली नव्हती, आणि त्यामुळेच प्रकरण महिन्यात सुटलं. मेडिकलमधून खाज-पुरळावरची ट्यूब आणली नव्हती. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ही स्टेरॉइडं असलेली मिश्रणं चिठ्ठीशिवाय हातात पडतात. त्यांनी लाली दोन दिवसांत बसते, यीस्टला मात्र रान मोकळं मिळतं. आणि काही आठवड्यांनी ट्यूब बंद केली की चेहरा लाल होऊन पेटतो. अशी ट्यूब आधीच लावून झाली असेल तर वरचं काहीही करण्याआधी डॉक्टरांना ते सांगावं.

डॉक्टरांकडे लगेच जायच्या आणखी काही खुणा: पापुद्र्यांतून पाणी झिरपून मधासारखी पिवळी खपली धरणं, पापण्या सुजणं, गोल, कडा उठलेला चट्टा, आणि गॉगलच्या कडेच्या नेमक्या आकारात उठलेली लाल, खाजरी रेघ. ही शेवटची बहुधा रबराची ॲलर्जी असते, आणि तिथे क्लोरीन कितीही धुतलं तरी उपयोग नाही. सिलिकॉनच्या कडेचा गॉगल घ्यावा लागतो.

जूनमध्ये बेळगावचा पाऊस लागला की हवेतच ओल असते. तेव्हा तेच घट्ट क्रीम चेहऱ्यावर तरंगतं आणि कपाळाची तक्रार परत येते. तिनं पावसाळ्यापुरतं जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर घेतलं, मात्रा एक पेर, आणि टँकआधीची जेली फक्त ओठांवर ठेवली. बाटलीतलं घरचं पाणी मात्र बाराही महिने बॅगेत असतं.